आजोबांची कढी आज की उद्या?

एक होते आजोबा. त्यांचं नाव नरहरीआजोबा.
आधी ते एसटी चालवायचे. पों पों!
आता घरीच असायचे.

एक होती आजी. तिचं नाव शरयूआजी.
आजीचं ऑपरेशन झालं. आजी दवाखान्यात राहिली. रविवारी सकाळी घरी आली.

घरी आली, पण आजीची भूक हरवली.
बिस्कीट नको. पेज नको. काही नको.

डॉक्टर म्हणाले होते, "हलकं खायचं. तिखट नाही. मीठ बेताचं. आणि आजींनी ओट्याशी उभं राहायचं नाही."

आजोबा म्हणाले, "आठवडाभर मीच स्वयंपाक करणार! सोमवारी हे, मंगळवारी ते. पण आज काय? अगं शरयू, तुला काय खावंसं वाटतं?"

आजीने डोळे मिटले. विचार केला.
"कढी-भात," आजी म्हणाली. "पातळ कढी आणि मऊ भात."

आजोबा खूश! पण आजोबांना चहासुद्धा येत नव्हता.
चप्पल फटक फटक. आजोबा गेले पातेल्याकडे.

"पातेल्या, पातेल्या, कढी कर."
पातेलं म्हणालं, "ठण ठण! मी रिकामं. ताक आणा, मग कढी करीन."
आजोबांनी डोकं खाजवलं.
"आजीला हवी कढी.
कढीला हवं ताक.
अरे बापरे, डोकं गरगर!"

फटक फटक. आजोबा गेले रवीकडे.
"रवी, रवी, ताक घुसळ."
रवी म्हणाली, "घुर्र घुर्र! काय घुसळू? हवा? दही आणा, मग ताक घुसळीन."
"आजीला हवी कढी.
कढीला हवं ताक.
ताकाला हवं दही.
अरे बापरे, डोकं गरगर!"

फटक फटक. आजोबा गेले दह्याच्या भांड्याकडे.
"भांड्या, भांड्या, दही दे."
भांडं म्हणालं, "टिंग टिंग! आजी नव्हती, दही कोण लावणार? विरजण आणा, मग दही देईन."
"विरजण? ते कुठं उगवतं?" आजोबांना कळेना.
खोलीतून आजी म्हणाली, "अहो, विरजण म्हणजे चमचाभर जुनं दही. शेजारी मागा."
"आजीला हवी कढी.
कढीला हवं ताक.
ताकाला हवं दही.
दह्याला हवं विरजण.
अरे बापरे, डोकं गरगर!"

फटक फटक. आजोबा गेले शेजारच्या जुलेखाताईंकडे.
"ताई, ताई, विरजण द्या."
जुलेखाताई म्हणाल्या, "देते की, काका! पण दूध तापवलंत का? गार दुधात दही लागत नाही. दूध तापवा, कोमट होऊ द्या, मग विरजण देईन."
"आजीला हवी कढी.
कढीला हवं ताक.
ताकाला हवं दही.
दह्याला हवं विरजण.
विरजणाला हवं कोमट दूध.
अरे बापरे, डोकं गरगर!"

फटक फटक. आजोबा आले घरी. दूध ठेवलं शेगडीवर.
"शेगडी, शेगडी, दूध तापव."
लायटर केला चट चट. चट चट. काहीच नाही!
शेगडी म्हणाली, "फूऽऽ! मला गॅस कुठे येतोय? सिलिंडरचा खटका बंद आहे. तो फिरवा, मग दूध तापवीन."
"आजीला हवी कढी.
कढीला हवं ताक.
ताकाला हवं दही.
दह्याला हवं विरजण.
विरजणाला हवं कोमट दूध.
दुधाला हवी शेगडी.
शेगडीला हवा खटका.
अरे बापरे, डोकं गरगर!"

दवाखान्यात जाताना खटका आजोबांनीच बंद केला होता. पण तो फिरवायचा कुठे? डावीकडे? उजवीकडे?
फटक फटक. आजोबा गेले आजीकडे.

"शरयू, शरयू, खटका कसा फिरवू?"
आजीने आजोबांकडे पाहिलं. घामाघूम. केस उभे.
"अहो, तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?"
"मी?" आजोबांना आठवेना. "मी… काही नाही."
आजी म्हणाली, "मग मी नाही सांगणार! आधी केळं खा, मग खटका सांगीन."

आजोबा खुर्चीवर बसले.
"आजीला हवी कढी.
कढीला हवं ताक.
ताकाला हवं दही.
दह्याला हवं विरजण.
विरजणाला हवं कोमट दूध.
दुधाला हवी शेगडी.
शेगडीला हवा खटका.
खटक्याला हवी आजी.
आणि आजीला हवं… मी केळं खाणं?"
"हो!" आजी म्हणाली.

आजोबांनी केळं सोललं. मट मट मट. खाल्लं.

मग आजीने सांगितलं, "आधी शेगडीची बटणं बंद. मग खालचा खटका 'ऑन' लिहिलंय तिकडे. मग एक बटण फिरवून लायटर."
आजोबांनी खटका फिरवला. खट्!
शेगडी पेटली. भक्!
दूध तापलं. बुडबुड बुडबुड, वर आलं. आजोबांनी गॅस बंद केला. दूध थोडं निवलं. आजोबांनी चमच्याने थेंब मनगटावर घेतला. ना गरम, ना गार. कोमट!
जुलेखाताईंनी विरजण दिलं. आजोबांनी ते दुधात ढवळलं. झाकण ठेवलं. टप्!

आजोबा भांड्यासमोर बसले.
"झालं का दही?" झाकण उघडलं.
"झालं का दही?" पुन्हा उघडलं.
आजी हसली. "अहो, हलवू नका! दही उद्या सकाळी लागेल."
"उद्या? पण कढी तर आज हवी!"
"उद्याच्या कढीचं दूध आज विरजावं लागतं," आजी म्हणाली.

आजोबांनी बोटांवर वार मोजले.
मग म्हणाले, "म्हणजे बुधवारी मुगाची उसळ करायची, तर मूग…?"
"सोमवारी रात्री भिजवा. मंगळवारी फडक्यात बांधा. बुधवारी मोड येतील."
"म्हणजे बुधवार सोमवारीच सुरू होतो?"
"हो हो!"
"आणि मंगळवारी काय खायचं?"
"मऊ खिचडी. तिची डाळ तासभर भिजली की झालं."
आजोबांचं डोकं पुन्हा गरगर. पण थोडंसंच.

आज मात्र मऊ भात. वाटीभर तांदूळ. धुतले खळखळ. चार वाट्या पाणी. चिमूटभर मीठ. कुकर लावला.
शीऽऽ! शीऽऽ! शीऽऽ! शीऽऽ!
आजोबा झाकण ओढायला धावले.
"थांबा!" आजी ओरडली. "वाफ आपली आपण जाऊ दे."
वाफ गेली. फुस्स. भात गुरगुट्या झाला. त्यावर थोडं तूप.
आजीने दोन घास खाल्ले. दोनच. पण खाल्ले.

सोमवार उजाडला. झाकण उघडलं. दही लागलं होतं! घट्ट, पांढरं, थरथर.
रवीने ताक घुसळलं. घुर्र घुर्र.
आजोबांनी ताकात बेसन कालवलं. गुठळी मोडली. थोडी हळद, किसलेलं आलं. गॅस मंद.
"ढवळत राहा," आजी म्हणाली. "थांबलात, तर कढी फुटेल."
आजोबांनी ढवळलं. ढवळ ढवळ. हात दुखला. दुसऱ्या हाताने ढवळ ढवळ.
तुपात जिरं तडतड. कढीपत्ता चर्रर्र. फोडणी गेली कढीत. शेवटी बेताचं मीठ.
पातेलं म्हणालं, "झाली!"

आजीने भातावर कढी घेतली. भुर्र! वाटी रिकामी.
आजी म्हणाली, "अजून वाढा."
आजोबा हातातली पळी तशीच धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.
"काय म्हणालीस?"
"अजून वाढा म्हटलं. आणि तुमचं ताट कुठंय? या, बसा."

दोघं बसली, दोघं जेवली,
पातेल्यात कढी नाही उरली!