पाटीतला 'मा'

"हात हवेत का धरलाय, पेंटर?" उस्मानभाईंनी विचारलं.

"रंग ओला असतो."

"हा कधीच ओला नसतो. टेकवा."

दिगंबर पेंटरांनी मिरजेत चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या होत्या. आता ते फोटो स्टुडिओवाल्या उस्मानभाईंकडे टॅबलेट शिकत होते.

समोर त्यांच्याच दुकानाचा जुना फोटो होता, बाजूला उभं राहून काढलेला. फ्लॅश पाटीवर चमकला आणि 'जयमाला आर्ट्स'मधला 'मा' पांढऱ्या डागात गेला. पाटी केव्हाच भंगारात गेली. जिच्या नावाची होती, ती त्यांची बायको जयमाला गेल्या वर्षी गेली. फोटोत ती पाटीखाली उभी आहे.

मुलगी वैजू त्याच गाळ्यात, त्याच नावाने शिवणकाम सुरू करणार होती. भिंतीवर तिला हा फोटो हवा होता.

"फोटोवर काढू नका. वर नवा लेयर घ्या. काच ठेवली समजा. चुकलं तर काच पुसायची, खालचा फोटो तसाच."

पेंटरांनी डागाशेजारच्या निळ्यावर बोट दाबून धरलं. तोच निळा पेनात आला. त्याने डाग झाकला. मग आणखी एक लेयर घेऊन सवयीचा भडक लाल निवडला आणि 'मा' काढला. एका दमात.

वैजू डबा घेऊन आली, वाकून पाहू लागली.

"बाबा, हा 'मा' काय झोकात आलाय."

पेंटर खुलले.

"पुसा," उस्मानभाई म्हणाले.

"का?"

"तिला 'मा' दिसला."

…

पेंटरांनी लाल लेयर काढून टाकला. निळा राहिला.

मग ते बराच वेळ नुसते बघत बसले. बाकीची अक्षरं उजवीकडे लहान होत गेली होती. लालही विटका होता. त्यांचा पुसलेला 'मा' मात्र सरळ समोर बघत होता, कालच रंगवल्यासारखा.

"वाकडं अक्षर मी जन्मात काढलं नाही, उस्मानभाई."

"मग आजपासून काढा."

त्यांनी 'मा' पुन्हा काढला. चारही कोपरे ओढून तो पाटीबरोबर तिरपा केला, शिरोरेषा शेजाऱ्यांना जुळवली. कडा जराशा धूसर केल्या. लेयरचा ठळकपणा शंभरावरून ऐंशीवर आणला. तिथे लाल विटला.

"बघ गं," ते म्हणाले.

वैजू पाहत राहिली.

"आई हसतेय की. फोटोत कधी हसायची नाही ती."

"आणि पाटी?"

"पाटीला काय झालं?"

पेंटरांनी उस्मानभाईंकडे पाहिलं. लहान मुलासारखं.

उस्मानभाईंनी टॅबलेट ओढून घेतला आणि प्रिंटर चालू केला.

"बक्षीस मिळालं तुम्हाला, पेंटर. उठा आता."