पायरीवरचा नमस्कार

एका गावात एक बोलकी मावशी राहायची. मनाने अगदी लोणी, पण आवाज असा की देवळातली घंटासुद्धा लाजावी! देवळात आली की देवीला अर्धा नमस्कार आणि माणसांना दीड.

तिच्या शेजारणीची लेक सासर सोडून माहेरी परतली होती. घराबाहेर पडायची ती फक्त शुक्रवारी, देवीच्या दर्शनाला. एका शुक्रवारी ती गाभाऱ्यासमोर डोळे मिटून उभी होती. गालांवरून पाणी ओघळत होतं. तेवढ्यात मावशीने मागून येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली.

"अगं बाई! कधी आलीस? आणि जावईबापू कुठायत?"

सगळं देऊळ वळून बघायला लागलं. लेकीने ओटीचं ताट तिथेच ठेवलं आणि ती तडक घरी गेली. त्यानंतर तिने दाराबाहेर पाऊलच टाकलं नाही.

मावशी चौकशीला गेली, तर शेजारीण दारातच म्हणाली, "ती देवीशी बोलायला येत होती हो, मावशी. तुम्ही मधेच जाब विचारलात."

मावशीच्या मनाला लागलं. ठरवलं, आता देवळात तोंडाला कुलूप!

पुढे आईने कशीबशी समजूत घालून लेकीला पुन्हा देवळात आणलं. मावशी समोरूनच आली. पण मान खाली, पदर सावरला आणि निघाली आपली बाजूने.

"बघितलंस आई?" लेक कुजबुजली. "बोलक्या मावशीनेही तोंड फिरवलं. चल, घरी जाऊ."

मावशीचे कान तिखट. ती जागीच थांबली, वळली. हाक मारली नाही. नुसते हात छातीशी जोडले, लेकीकडे बघून मंद हसली आणि तिला वाट करून दिली.

लेकीचा जीव भांड्यात पडला. ती मावशीच्या पाया पडायला वाकली, तसे मावशीने तिचे हात वरच्यावर धरले. "इथे नाही गं," ती हळूच म्हणाली. "देवीपुढे फक्त देवीच्या पाया पडायचं. जा, निवांत दर्शन घे."

लेकीने दर्शन घेतलं, प्रदक्षिणा घातल्या. मावशी तोवर बाहेर पायरीवर बसून राहिली. दर्शन झाल्यावर घटकाभर पायरीवर टेकायची रीतच आहे ना! लेक आली तशी मावशी सरकून बसली, तिच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"झालं दर्शन?"

"झालं."

"छान."

पुढचा प्रश्न मावशीच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो खोबऱ्याबरोबर गिळला.

थोड्या वेळाने लेकच म्हणाली, "मावशी, पुढच्या शुक्रवारी निघताना मला हाक माराल?"

"मारीन की!"

"पण हळू हं."

मावशी खळखळून हसली, आणि पटकन तोंडावर पदर धरला.

तात्पर्य: देवळात भेटलेल्या माणसाला नमस्कार जरूर करावा, पण आधी त्याचं देवाशी बोलणं संपू द्यावं. प्रश्न विचारायचे राहिले तरी चालतील, हसायचं राहू नये.