टोपलीत न राहिलेली माळ

साखळ्या आणि फुलंही मनातलं बोलून दाखवत, त्या काळी गोदावरीवर सिंहस्थाची पर्वणी होती. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. स्वयंसेवक ओरडत होते, "साखळी धरून डुबकी घ्या! साबण लावू नका! झालं की पलीकडच्या पायऱ्यांनी वर जा, मागे फिरू नका! फुलं टोपलीत टाका!"

निर्माल्याच्या टोपलीतली झेंडूची माळ फणकारली, "मी काय कचरा आहे? मी गोदामाईतच जाणार."

"पायरीवर अडकलीस तर कुणीतरी घसरेल," घाटावरची लोखंडी साखळी म्हणाली. "थांब तिथेच."

"गंजकी कुठली! तुला लोक भीतीने धरतात, मला भक्तीने." असं म्हणत माळ टोपलीबाहेर घरंगळली आणि पाण्यातल्या पायरीवर जाऊन अडकली.

तेवढ्यात सिन्नरहून आलेल्या सगुणाआजी पाण्यात उतरल्या. त्यांचा पाय माळेवर पडला आणि सटकला. मागून लोंढा येतच होता. आजींनी साखळीला मिठी मारली. साखळी करकरली, ताणली गेली, पण सुटली नाही. स्वयंसेवकांनी हाताला हात धरून गर्दी थोपवली.

आता आपल्याला शिव्या बसणार, असं माळेला वाटलं.

आजींनी ती चुरगळलेली माळ उचलली आणि कपाळाला लावली. "देवाच्या फुलाला पाय लागला माझा. चुकले गं बाई, क्षमा कर," म्हणत त्यांनी ती हळूच टोपलीत ठेवली.

माळेने इतर फुलांखाली तोंड लपवलं. आजींनी एखादी शिवी हासडली असती, तर किती बरं झालं असतं!