जड शब्दांची राजकन्या

एका राज्यात चिडवायला बंदी होती. चोराला दंड होता, खोट्या साक्षीला चाबूक होता; पण कुणी कुणाला लटकं 'भोपळ्या' म्हटलं, तर त्याला थेट वेशीबाहेर काढत. असं का, म्हणाल तर ऐका.

राजा भानुकीर्तीला मुलगी झाली. बारशाला सारं नगर लोटलं. राजाची थोरली बहीण रेणावती, म्हणजे बाळाची आत्या, तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पिंगला. आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. हशा पिकला. त्या हशातच पंगतीला बसलेला कंकाळ मांत्रिक उठला आणि लंगडत हात धुवायला निघाला. राजाला चेव आला. म्हणाला, "मांत्रिकबुवा, जगाला चालतं करता, मग तुमचाच पाय तेवढा कसा राहिला?" पंगत खदखदली. मांत्रिकाच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही.

मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझ्या घरी शब्द फार हलका झालाय. या मुलीचा शब्द जड होवो. तो ज्याच्या काळजाला लागेल, तो जागच्या जागी दगड होईल."

झालं! राजानं थट्टेवर बंदी घातली. पिंगलेशी सगळ्यांनी साखरेत घोळून बोलायचं, तिच्यासमोर कुणी कुणाची टिंगल करायची नाही. पोर वाढली. पण शब्द कुठं टोचतो आणि कुठं नुसता गुदगुल्या करतो, हे तिला कळावं कसं? पाण्याची भीती म्हणून पोराला नदीच दाखवली नाही, तर ते पोहणार कधी? अहो, मुकुट घातला म्हणून डोक्यात उजेड पडतोच असं नाही.

पुढं पिंगलेला धाकटा भाऊ झाला आणि दूधदात यायच्या आतच तापानं गेला. राणी इंदुवदना रिकामा पाळणा हलवत बसायची आणि अंगाई म्हणायची. पिंगला शेजारी उभी असायची. तिच्याकडे राणीचं लक्षच नसायचं. एके दिवशी पोरीला राहवलं नाही. ती म्हणाली, "ऐकायला तो आहे कुठं? मग गातेस कुणासाठी?"

राणीनं मान वळवली आणि वळवता वळवताच ती दगड झाली. हातातली पाळण्याची दोरी तशीच राहिली.

त्या दिवसापासून पिंगला बोलली नाही. जेवायला दिलं तर जेवायची, नाहीतर नाही. राजा लेकीच्या दालनापुढून जाताना कानात कापसाचे बोळे घालायचा. आणि रेणावती? ती रोज ओलं फडकं घेऊन मूर्ती पुसायची, कारण राणीच्या पायांवर शेवाळ धरलं होतं आणि ते पुसलं तरी वर चढत होतं. गुडघे गेले, कंबर गेली. आत्याला वाटायचं, आपण आपल्या भावजयीला अंघोळ घालत नाही आहोत, तिची तिरडी सजवतो आहोत. कोपऱ्यात बसून ती तोंडात पदर कोंबून रडायची.

पाळण्याच्या दांडीवर एक साळुंकी येऊन बसायची. ती बोलायची. त्या राज्यात साळुंक्या बोलत, त्याचं कुणाला नवल नव्हतं.

"रडून शेवाळाला पाणी कशाला घालतेस, रांजणतोंडे?" साळुंकी म्हणाली.

आत्या रडता रडता फिसकन हसली आणि हसल्याचीच तिला लाज वाटली.

"हसलीस ना? मग ऐक. शब्दानं बांधलं ते शब्दच सोडवील. पोरीनं तिघांना चिडवायचं. पहिल्यानं, जे तिच्यावर माया करतं त्याला. मग, जे तिला भितं त्याला. शेवटी, जिला तिनं दुखवलं तिला. तिघांनीही मनापासून हसायचं आणि उलट पोरीला चिडवायचं. तेही तिनं हसून घ्यायचं. शेवाळ राणीच्या डोळ्यांवर चढायच्या आत. चढलं की संपलं."

"तिला चिडवता येत नाही."

"मग शिकव. माया करणारी तूच ना?"

रेणावती भाजीची टोपली घेऊन पिंगलेच्या दालनात गेली आणि दार लावून घेतलं. पोर भिंतीला चिकटली.

"भिऊ नकोस. आधी मी मलाच चिडवते," आत्या म्हणाली. तिनं टोपलीतून पडवळ काढलं, स्वतःच्या नाकाला लावलं. "ही रेणावती म्हणजे लग्नाला उशीर झालेलं पडवळ! धावता धावता हिचा शालू कारल्यात अडकला!"

पोरीच्या ओठाचा कोपरा हलला.

"आता तू. मला नव्हे, या वांग्याला चिडव."

किती तरी वेळानं कुजबुज आली, "वांग्या... तू... तू टोपी घातलेला उंदीर."

वांगं दगड झालं नाही. आत्यानं वांग्याच्या वतीनं कमरेवर हात ठेवले, डोळे वटारले, "काय! मला उंदीर? आणि तू कोण गं, ताकात पडलेली बेडकी?" पिंगला खुदकन हसली. तिच्या पुढच्या दोन दातांची खिडकी दिसली. मग रोज खेळ रंगू लागला. एक तू, एक मी. जो शब्द येईल त्याहून वेडा शब्द काढायचा. आत्या मुद्दाम हरायची, 'हाय हाय, मेले!' म्हणून जमिनीवर लोळायची. शिव्या अशा की त्यांत खऱ्याचा कणसुद्धा नाही. "उलट्या परातीवर बसलेली महाराणी सुरण!" "शिंकेनं उडालेला जावई दोडका!" आत्या सांगायची, "इतकं खोटं बोल, की ऐकणाऱ्याला त्यात स्वतःला शोधावंच लागू नये."

मग तिनं छातीवर हात ठेवला. "आता मला चिडव. माझ्या तोंडाकडे बघून."

पिंगलेनं बघितलं. जोरात काहीतरी म्हणायचं म्हणून तिनं दासींच्या तोंडी ऐकलेलं एक फेकलं. "आत्या, तू रिकामी कणगी!"

रेणावतीला मूल नव्हतं. शब्द लागला; पण मधे माया आड आली, म्हणून तिचा डावा पाय घोट्यापर्यंतच दगड झाला.

पोर किंचाळली आणि तोंडावर हात दाबून कोपऱ्यात जाऊन बसली. आत्याच्या मनात आलं, संपलं सगळं. आता ही पोर जन्मात तोंड उघडणार नाही, आणि मीही इथंच, तुकड्यातुकड्यानं, धोंडा होणार. उठून पळावंसं वाटलं तिला. पण पळणार कशी? पाय उचलत नव्हता. मग तिथंच बसून तिनं सांगितलं, जे या राज्यात आजवर कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"लागलं," ती म्हणाली. "लागलं की 'लागलं' म्हणायचं, पोरी. खेळ तिथंच थांबतो. आणि चिडवणाऱ्यानं 'गंमत केली' असं म्हणायचं नाही. कान पाडून बसायचंही नाही. विचारायचं, कुठं लागलं?"

बऱ्याच वेळानं पिंगला जवळ सरकली. "कुठं लागलं, आत्या?"

आत्यानं सांगितलं. रिकाम्या कुशीचं सांगितलं, बारशाच्या दिवशी पाठीत पडलेले बुक्के किती गोड लागले तेही सांगितलं. पोर ऐकत राहिली. पाय दगडाचाच राहिला. पण दगड वर चढला नाही.

"माणूस जे मिरवतं ते चिडव," आत्या म्हणाली. "जे लपवतं ते सोड. आणि बोलायच्या आधी डोळे बघ, बोलल्यावरही बघ. ओठ हसतात आणि डोळे हसत नाहीत, तेव्हा थांब."

पिंगलेनं तिच्याकडे निरखून बघितलं. आत्याला आपल्या कडक शिस्तीचा भारी तोरा. "आत्या," पोर हळूच म्हणाली, "तू ओरडलीस की देवघरातले देवसुद्धा रांगेत उभे राहतात."

रेणावती हसली. पोटातून, डोळ्यांतून हसली. "आणि तू जेवायला बसलीस की भात पाटाखाली लपतो!" पोरही हसली. पहिलं काम झालं. दगडी पाय ओढत आत्या मूर्तीकडे गेली. शेवाळ राणीच्या गळ्याशी पोहोचलं होतं.

राजाला बोलावलं. तो कानांत बोळे घालून आला आणि उंबऱ्यातच थबकला. "रेणाक्का, मला नको. आज राज्याला राजा आहे, उद्या पुतळा असेल."

"भाऊराया, बोळे काढ."

त्यानं काढले. हात कापत होते. पिंगलेनं ते हात बघितले आणि नजर वर उचलली. लेकीला भिणारा बाप स्वतःची ती भीती लपवत होता. ती तिनं सोडली. मिशांना मात्र त्यानं आजही तेल लावून पीळ दिला होता.

"आबा," ती म्हणाली, "दरबारात आधी तुमच्या मिशा जातात. सगळे त्यांनाच मुजरा करतात. तुम्ही मागून येता ते कुणाला कळतही नाही."

आत्यानं भावाचे डोळे निरखले. मग राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा हसला की डोळ्यांतून पाणी गळू लागलं. "आणि तू, आवळ्याएवढी राजकन्या! घोरतेस तेव्हा हत्ती दावं तोडून पळतात!" पिंगला हसून लोटपोट झाली. बापानं लेकीला कित्येक महिन्यांनी पोटाशी धरलं. दुसरं काम झालं.

पण तिसरं? शेवाळ राणीच्या खालच्या पापणीला टेकलं होतं.

पिंगला मूर्तीपुढं उभी राहिली. पडवळाचं झालं, सुरणाचं झालं, देवांच्या रांगेचं झालं. दगड तो दगड. वेडे शब्द भिंतींवर आपटून परत येत होते. राजानं तोंड फिरवलं. रेणावतीला वाटलं, आपण पोरीला हसायला शिकवलं ते आईच्या मरणाला हसायला. काय केलं मी, देवा!

पोर थांबली. दगडाच्या डोळ्यांत बघत राहिली.

"आई, कुठं लागलं?" तिनं विचारलं. मूर्ती काय बोलणार! तेव्हा पोरीनंच सांगितलं. "मला माहीत आहे. तू त्याच्यासाठी गात होतीस. आणि मला वाटलं, मी आहे ते तुला दिसतच नाही. मला लागलं होतं, पण मला 'लागलं' म्हणता येत नव्हतं."

राणीच्या गालावरच्या शेवाळातून पाण्याचा एक ओघळ आला. शेवाळ मात्र थांबलं नाही. खालच्या पापणीवर चढलं.

राणी काय मिरवत असे? सगळ्या राज्याला ठाऊक होतं. तिचे डिंकाचे लाडू! दर थंडीला ती ते तोऱ्यात वाटायची आणि दरबारी ते पागोट्यात लपवून न्यायचे, कारण ते फुटायला पाटा-वरवंटा लागे. हा शब्द लागला, तर आई कायमची जाणार होती.

"आई," ती म्हणाली, "तू दगड झालीस खरी. पण तुझ्या लाडवाइतकं कडक काही होता आलं नाही तुला."

आत्यानं डोळे मिटून घेतले.

आधी आवाज आला तो उकळत्या भांड्यावरचं झाकण हलावं तसा. दगडाच्या पोटात काहीतरी खदखदलं. मग भेग पडली. मग शेवाळाची पापडी खाली पडली आणि राणी इंदुवदना हसत, रडत, ठसकत खाली बसली. "तेच लाडू खाऊन दात पाडून घेतलेस ना, बोळके!" ती म्हणाली आणि तिनं हात पसरले. पिंगलेनं दातांची खिडकी दाखवली, खळखळून हसली, आणि आईच्या कुशीत शिरून ऊर फुटेतो रडली.

शाप सुटला. राजानं थट्टेवरची बंदी उठवली, आणि पालखी न घेता पायी कंकाळाच्या दारी गेला. त्यानं क्षमेचं भाषण केलं नाही. "कुठं लागलं?" एवढंच विचारलं, आणि उत्तर संपेपर्यंत खाली बसून राहिला.

गेलेला मुलगा मात्र परत आला नाही. पाळणा रिकामाच राहिला. संध्याकाळी राणी अंगाई म्हणते तेव्हा आता पिंगलाही शेजारी बसून म्हणते, बेसूर. त्या बेसुरावरून राणी तिला चिडवते.

रेणावतीचा पाय पुन्हा मांसाचा झाला, पण गार राहिला, आणि ती लंगडू लागली. पिंगला जगातल्या सगळ्या गोष्टींवरून आत्याला चिडवते, त्या पायावरून कधीच नाही. रात्री ती तो पाय मांडीवर घेते, तेल चोळते आणि विचारते, "आत्या, अजून लागतंय का?"

आणि रेणावती खरं सांगते. "लागतंय गं. आज थोडं कमी."

ही कहाणी इथं टेकली. ज्यानं ऐकली त्यानं हसावं, आणि हसता हसता शेजारच्याच्या तोंडाकडे एकदा बघावं.