चंद्राकाकीच्या फोटोखालच्या चार ओळी

आंबेखोलात विजेचा पहिला खांब आला आणि लोक येता-जाता त्याला हात जोडू लागले, त्या काळातली ही गोष्ट. गावाबाहेर दिगंबरशेठ वालावलकरांचा कौलांचा कारखाना होता. एक भट्टी, चौदा माणसं, मातीची घाणी ओढणारा पवळ्या बैल आणि चंद्राकाकी घाडी.

काकीचं काम एकच. भट्टी निवली की एकेक कौल उचलायचं, बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर गाडीत, बद्द वाजलं तर बाजूला. असं म्हणतात की ठोकून ठोकून तिचं पेर इतकं कठीण झालं होतं की तिने दार वाजवलं तर आतली कडी घाबरून आपणच निघायची. असंही म्हणतात की गावातले कावळे तिने पारखलेल्या कौलांवरच बसायचे. बाकीच्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

एकतीस वर्षांनी काकी थकली. शनिवारी निरोप ठरला. शेठनी तिचा फोटो चौकटीत बसवला. तो कचेरीत लावायचा आणि खाली दोन शब्द लिहायचे. पांडू पेंटर म्हणाला, "पट्टी एवढीच, चार ओळी मावतील." शेठनी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "लिही. प्रामाणिक, कष्टाळू व कर्तव्यदक्ष. यांच्या अमूल्य योगदानाबद्दल कारखाना सदैव ऋणी राहील."

शुक्रवारी पट्टी काकीला दाखवली. काकी चौथी शिकलेली. तिने दोनदा वाचलं, पट्टी घेऊन अंगणात गेली आणि झोपलेल्या राखणदाराच्या छातीवर ठेवली. सगळे हसले. मग तिने ती पवळ्याच्या गळ्याशी धरली.

"शेटानू, बघा. बैलाक तर माझ्यापेक्षा बरी शोभता."

"अगो काकी, चांगलंच लिहिलंय की."

"चांगला आसा. पण ह्या माझा न्हय. माझा नसात तर फोटो भिंतीर लावू नकात. मी उद्या येवचंय नाय."

आणि ती खरंच घरी गेली.

शेठ कचेरीत बसून राहिले. काकीच नसेल तर निरोप कसला द्यायचा? आणि जिच्या जिवावर कारखाना चालला, तिच्याबद्दल पवळ्याला न शोभणारं एक वाक्य आपल्याला सुचू नये? त्यांनी जुनं हजेरीबुक काढून तिचं पूर्ण नाव आणि ती कामावर लागली ते वर्ष पाहिलं. भट्टीवर जाऊन बायकांना विचारलं, "काकीनं तुम्हांला काय दिलं?" एक म्हणाली, "कान." दुसरी म्हणाली, "अर्धी भाकरी. रोज."

मग त्यांना स्वतःचं आठवलं. वडील गेले आणि विसाव्या वर्षी ते मालक झाले, तेव्हा शाळेच्या छपराची गाडी काकीनेच अडवली होती. कौलं बद्द वाजतात म्हणून. ते तिच्यावर ओरडले, ती ढिगावर बसून राहिली. "त्या शाळेत पोरा बसतली," एवढंच म्हणाली. शेवटी नवी कौलं भाजून द्यावी लागली. त्या वर्षी वादळ आलं, असं म्हणतात की नारळ डोंगरापलीकडे जाऊन पडले. शाळेचं एक कौल हललं नाही.

शेठ लिहिलेला कागद घेऊन काकीच्या दारात गेले. ती बोट ठेवून वाचू लागली.

"नऊशे न्हय. सातशे चाळीस."

त्यांनी खोडून लिहिलं.

"आणि घोव सोडून गेलो, ता कशाक व्हया? ता घरचा. घरातच ऱ्हवांदे."

नवऱ्याची ती ओळही खोडली. उरलं ते पांडूने शनिवारी सकाळी सगळ्यांसमोर रंगवलं:

"चंद्रभागा सखाराम घाडी. एकतीस वर्षं इथलं प्रत्येक कौल यांच्या हाताखालून गेलं.
शाळेची सातशे चाळीस कौलं यांनी अडवली. वादळात छप्पर टिकलं.
नव्या बायकांना कान द्यायला शिकवलं आणि अर्धी भाकरी दिली.
काकी, तेव्हा मी ओरडलो ती चूक होती. आज सांगतो. तुमचे आभार. दिगंबर."

काकीने पट्टी वाचली. "हां," म्हणाली, "ही मी आसंय." मग पदर सावरून फोटोखालच्या खुर्चीवर बसली आणि सात पेढे खाल्ले. कोणी अकरा म्हणतात. ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा अंगणातला कौलांचा ढीग कोणी हात न लावता वाजला, असंही म्हणतात. सांगणारा पेढे वाढवतो, नारळ आणखी लांब पाडतो. त्या चार ओळींत मात्र कोणी अक्षर बदलत नाही.

आंबेखोलात अजून तीच रीत आहे. माणूस कामावरून निवृत्त झाला की फोटोखालचा मजकूर मालकाने स्वतः लिहायचा, त्या माणसाला आधी वाचून दाखवायचा आणि तो म्हणेल ते खोडायचं. शेवटच्या ओळीत मालकाने आपली एक चूक कबूल करायची. याला 'काकीची ओळ' म्हणतात. आजवर कचेरीत सव्वीस फोटो लागले आहेत, आणि त्या ओळीसाठी कोणत्याही मालकाला चूक कधी कमी पडलेली नाही.