लहानूजीचं शेताशी शेवटचं बोलणं

संत्र्याच्या मुलखात एक गाव होतं आणि त्या गावात लहानूजी नावाचा एक शेतकरी होता. नाव लहानू, पण बोलणं मोठं. तो सांगे, की पेरणीच्या दिवसांत माझ्या शेतात काठी टेकून उभं राहायची सोय नाही. निघेपर्यंत काठीला पालवी फुटते, ती खुडून मगच घरी यावं लागतं. लोक हसत आणि हसता हसता मानही डोलवत. कारण शेत होतंच तसं देखणं. वरून हात फिरवला तर पिठातून फिरवल्यासारखा वाटे.

लहानूजीचे गुडघे थकले, तेव्हा त्यानं शेत मुलाच्या हाती द्यायचं ठरवलं. मुलाचं नाव देवमन. शहरातलं कापसाच्या जिनिंगचं काम सोडून तो दोन वर्षांपूर्वी घरी आला होता. आल्या आल्या त्यानं घरामागे जंभेरी लिंबाची रोपं वाढवली, त्यांच्यावर संत्र्याचे डोळे बांधले आणि तान्ह्या लेकरांसारखी ती कलमं जपली. पाऊस लागला की सगळ्या शेतात संत्र्याची बाग लावायची, एवढा एकच ध्यास त्याला होता.

त्या गावात शेत मुलाला देण्याची एक रीत होती. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बापानं शेतात गुडघाभर खड्डा खणायचा, त्यात वाकायचं आणि शेताशी शेवटचं बोलायचं. मुलानं आणि गावानं जवळ उभं राहून ते ऐकायचं. खड्डा कशाला? तर वरवर बोललेलं वारा घेऊन जातो, असं जुनी माणसं म्हणत. शेतानं काय दिलं, आपण शेताचं काय केलं, कुठे खोलगट आहे, कुठे चुनखडी आहे, सगळं सांगायचं. शेवटी म्हणायचं, ‘आता याचं ऐक.’ मग हातानं खड्डा बुजवायचा आणि मागे वळून न पाहता बांधाबाहेर पडायचं. तलाठ्यानं सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढवलं, तरी हे बोलणं झाल्याशिवाय गावाच्या लेखी शेत बापाचंच.

आता बोलायचं म्हटल्यावर लहानूजी मागे हटतो होय! त्यानं महिनाभर तयारी केली. रोज गोठ्यात जाऊन म्हशीसमोर भाषण म्हणून पाही. म्हशीनं कंटाळून दूध चोरायला सुरुवात केली, तेव्हा बायकोनं त्याला गोठ्यातून हाकललं.

अखाजीच्या सकाळी तो एकटाच शेतात गेला. संध्याकाळी साऱ्या गावासमोर खणताना धाप लागली तर शोभा होईल, म्हणून आधीच थोडी माती सैल करून ठेवावी, असा त्याचा बेत होता. शेताच्या मधोमध उभं राहून त्यानं फावडं घातलं. वीतभर माती लोण्यासारखी निघाली. पुढचं फावडं मारलं आणि...

ठण्ण!

‘धोंडा असेल,’ लहानूजी म्हणाला आणि चार पावलं सरकला. तिथेही ठण्ण. आणखी सरकला. तिथेही तेच. त्यानं खाली बसून हातानं माती बाजूला केली. धोंडा नव्हता. ती मातीच होती, पण थापून थापून केलेल्या ओट्यासारखी घट्ट आणि गुळगुळीत. नख रुतेना. त्यानं पाण्याच्या कळशीतलं पाणी वर ओतलं. ते ताटात राहावं तसं तिथेच राहिलं. जवळच मागच्या हंगामातली कपाशीची वाळकी पऱ्हाटी उभी होती. ती उपटली, तर तिचं सोटमूळ वीतभर सरळ जाऊन कोपरासारखं आडवं वळलेलं. दुसरी उपटली. तीही तशीच.



मग त्याला एकेक उमगू लागलं. त्यानं दरवर्षी नांगर एकाच खोलीवर लावला होता. वर नांगराचा फाळ माती मोकळी करी आणि खाली त्याचाच तळ तीच पातळी घासत, दाबत जाई. पुढे ट्रॅक्टर आला. गावात पहिली पेरणी आपली व्हावी म्हणून लहानूजी ओल्या शेतातच तो घाली. एवढं ओझं ओल्या मातीवर फिरलं, की खालची माती दबणारच. असं वर्षानुवर्षं झालं आणि शेताच्या पोटात तवा तयार झाला. मुळं त्याखाली जाईनात, पाणी त्याखाली उतरेना. पीक दुपारी माना टाकी, तेव्हा लहानूजी म्हणे, ‘यंदाच्या पावसात दम नाही,’ आणि आणखी युरिया फेकी.

मग त्यानं इकडेतिकडे बघून ती भरभर बुजवली. शेताच्या कोपऱ्यात पूर्वी उकिरडा होता. तिथे नांगर कधी फिरला नव्हता. तिथे फावडं घातलं तर ते सरळ आत गेलं. लहानूजीनं ठरवून टाकलं. खड्डा इथेच खणायचा. गावानं जन्मभर वाखाणलेलं शेत शेवटच्या दिवशी कशाला उघडं पाडा!

संध्याकाळी सगळा गाव जमला. शेजारचा उकंडराव पुढे होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

“काहो लहानूजी, खड्डा कोपऱ्यात काहून? शेताच्या कानात सांगता काय?”

“गुडघे दुखतात गड्या. मधात कोण जाते आता!” लहानूजी म्हणाला.

फावडं सपसप आत गेलं. लोक ‘वा, वा’ म्हणाले. लहानूजी खड्ड्यात वाकला आणि त्यानं भाषण सुरू केलं. “हे माये, मी तुले लेकीवानी वाढवलं. तुले लोण्यासारखं मऊ केलं...” म्हशीनं ऐकलेलं सगळं गाव ऐकू लागलं.

तेवढ्यात देवमन पुढे आला. त्याच्या हातात एक कलम होतं. इतक्या कलमांतलं सगळ्यांत उमदं त्यानं निवडून आणलं होतं.

“बाबा, तुमचं झालं की पह्यलं झाड याच खड्ड्यात लावतो. उनाचे दिवस हायेत, पण मी रोज पाणी घालीन. हे जगलं, की समजा सारं शेत जगलं.”

लहानूजी भाषण सोडून त्या कलमाकडे पाहू लागला. पुढची चार वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून एका झटक्यात गेली. हे झाड जगणार होतं, फोफावणार होतं आणि त्याच्याकडे बोट दाखवून देवमन सगळी बाग लावणार होता. बागेतला प्रत्येक खड्डा मात्र त्या तव्यात कोरलेल्या बादलीसारखा होणार होता. पावसाळ्यात पाणी भरणार, निघायला वाट नाही. आत मुळं कुजणार, बुंध्यातून डिंक गळणार आणि बहर धरायच्या वेळेला झाडं उभ्याउभ्या वाळणार. पोरगा पावसाला दोष देईल, कलमांना देईल, स्वतःला देईल. बापाला देणार नाही. कारण बापानं तर गावासमोर सांगितलं होतं, शेत लोण्यासारखं मऊ आहे.

लहानूजी उठला. फावडं घेऊन तरातरा शेताच्या मधोमध चालू लागला. गुडघ्यांची तक्रार कुठे गेली कोण जाणे. लोक गोंधळून मागे धावले. त्यानं सकाळी बुजवलेली माती उपसली आणि सगळं बळ एकवटून घाव घातला.

ठण्ण! असा आवाज झाला, की देवळातला गुरव आरतीची वेळ चुकली समजून पंचपात्र घेऊन धावत आला, असं त्या गावचे लोक अजून सांगतात. बाकी सगळे होते तिथेच थिजले. उकंडरावाचं तोंडही उघडं ते उघडंच राहिलं.

लहानूजी गुडघ्यांवर बसला. यावेळी त्याचा आवाज मोठा नव्हता.

“माये, जन्मभर मी तुया वरच्या वीतभराशीच बोललो. खाली तू हायेस हे मले माहीतच नव्हतं. तुले वरून गोंजारलं आन् खालून दाबलं. तू पऱ्हाटीचं मूळ आडवं करून दरसाल मले दाखवत होती. मी पऱ्हाटी उपटायचो, जाळायचो, पाह्यत नव्हतो. ओली असताना तुया छातीवर ट्रॅक्टर घातला. कायसाठी? तर पह्यली पेरणी माही म्हणून. तू माना टाकल्या, तं मी तुले आळशी म्हटलं. आज सकाळी समजलं, तरी तुले मातीखाली झाकून कोपऱ्यात पळालो. तुयात काय चांगलं हाय ते याले दिसतेच. तुले माह्यामुळं काय झालं, ते याले सांगून जातो. आता याचं ऐक.”

देवमन खड्ड्याशी बसला, बोटांनी ती घट्ट माती चाचपली, मग तिथेच पडलेली आडव्या मुळाची पऱ्हाटी उचलून मुळाच्या वळणावरून बोट फिरवलं. दोन वर्षं जपलेली कलमं घरामागे वाट पाहत होती.

“सकाळी समजलं तुमाले?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आन् मी हे झाड त्या कोपऱ्यात लावलं असतं, तं?”

देवमननं बाजूला ठेवलेलं कलम उचलून उराशी धरलं.

“बाग यंदा नाही,” तो म्हणाला. “शेत मात्र घेतलं. जसं हाय तसं घेतलं. बुजवा बाबा खड्डा.”

लहानूजीनं हातांनी खड्डा बुजवला आणि मागे न पाहता तो बांधाबाहेर पडला.

माती कोरडी ठणठणीत होती, तोवरच देवमननं ट्रॅक्टरला लांब दाताचा सबसॉयलर लावून शेत आधी उभं आणि मग आडवं फोडलं. ओल्या मातीत हे केलं असतं तर तवा फुटला नसता, उलट आणखी चोपला गेला असता. पाऊस लागल्यावर त्यानं ताग आणि तूर पेरली, कारण त्यांची मुळं फटींत शिरून त्या मोकळ्या ठेवतात. ताग फुलाला आला तसा मातीत गाडला. ओल असताना शेतात ट्रॅक्टरला पाऊल टाकू दिलं नाही. कलमं त्यानं मोठ्या पिशव्यांत भरली आणि घरामागेच थांबवली. पुढच्या पावसाळ्यात ती शेतात गेली.

पण त्याच्या आधीची, त्याच वर्षीच्या भादव्यातली गोष्ट सांगायची राहिली. रात्रभर पाऊस कोसळला होता. उकंडरावाचं शेत उतारावर, लहानूजीच्या शेताच्या खालच्या अंगाला होतं. वरून वाहत येणाऱ्या पाण्यानं त्याचं शेततळं दरवर्षी काठोकाठ भरे. सकाळी सकाळी तो चिखल तुडवत लहानूजीच्या दारात आला. डोळे विस्फारलेले, डोक्यावरची टोपी वाकडी.

“देवमन! पाणी कुठं हाय रे? माहं तळं कोरडं! बांध घातला काय कोठं? कोणं अडवलं पाणी?”

देवमननं बापाकडे पाहिलं. लहानूजी ओसरीवर बसला होता.

“कोणंच नाही अडवलं, काका,” देवमन म्हणाला. “शेत प्यालं.”

तात्पर्य: वारसाला काही देताना त्यातला दोषही उघडा करून द्यावा, झाकून दिलेला दोष तो बिचारा गुण समजून, रोज पाणी घालून वाढवतो.