पुसलेला निरोप

"पण माय, आता तिला खरं सांगायचं की नाही?"

श्रीरंगनं हे विचारलं तेव्हा सुंदरामाय मठाच्या पायरीवर बसून कमळाचे देठ सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

मी उदबत्तीचा व्यापारी. तलावाकाठच्या त्या मठात माल पोचवायला जात असे, आणि माय चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. तलावावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"आधी काय झालं ते सांग," माय म्हणाली.

श्रीरंग तिचा शिष्य. शिकलेला, नीटनेटका, आणि त्याला ते माहीतही होतं. गावोगावची माणसं मठाच्या फोनवर आपली गाऱ्हाणी लिहीत. श्रीरंग ती वाचायचा, थोडक्यात मायला सांगायचा, आणि माय जे बोलेल ते ज्याचं त्याला लिहून पाठवायचा. सकाळच्या वेळी एकदम आठ-दहा जणांशी बोलणं चाले. एकाचं दुखणं, दुसऱ्याचं लग्न, तिसऱ्याचा रुसलेला भाऊ.

"माझ्याकडून आजवर कोणाची गोष्ट कोणाला गेली नाही," तो म्हणाला. "शेठजी, तुम्हीच सांगा."

खरंच होतं. मी त्याला काम करताना पाहिलेलं होतं. नुसतं नाव तो कधी साठवत नसे; नावापुढं गाव, गावापुढं काम. 'यमुना, चिंचटोला, मुलगा घर सोडून गेलेला' असं. दुखण्याच्या माणसांना एका रंगाची खूण, लग्नाच्यांना दुसऱ्या. उत्तर लिहिण्याआधी बोटानं वर सरकवत मागचं सगळं वाचायचा. एकानं चार प्रश्न विचारले, तर ज्या प्रश्नाचं उत्तर, तोच प्रश्न ओढून वर चिकटवायचा आणि खाली लिहायचा. अर्धवट राहिलेल्याला 'न वाचलेलं' करून ठेवायचा, म्हणजे ते डोळ्यांत खुपत राही. एकाला लिहिलेली ओळ दुसऱ्याला उचलून लावायची नाही, हा तर त्याचा नेमच.

मला आमच्या बाजारातला अत्तरवाला आठवे. चार गिऱ्हाइकं एकदम आली की तो प्रत्येकापुढं त्याची त्याची कुपी ठेवी, आणि एकाकडून दुसऱ्याकडं वळताना हाताचं बोट पुसून घेई. मोगऱ्याच्या गिऱ्हाइकाला खसाचा वास कधी गेला नाही. श्रीरंगचं तसंच. फक्त अत्तरवाला गिऱ्हाइकाला विचारायचा, "तुमचं काय होतं हो?" श्रीरंग कोणाला काही विचारत नसे. त्यात त्याला कमीपणा वाटे.

"सकाळी देवकन्याबाईंचा निरोप आला," तो सांगू लागला. "त्यांचा मुलगा घर सोडून गेलेला. त्यांनी लिहिलं, 'आला.' एवढंच. मी तुम्हाला सांगितलं."

"हो. मी म्हटलं, त्याले काही विचारू नको म्हणावं. पाय धुवायले पाणी दे, भात वाढ."

"तेच लिहिलं मी. 'तो आला आहे ना, काही विचारू नकोस. पाय धुवायला पाणी दे, भात वाढ.' शब्द दुसरीकडे लिहून घेतले होते, ते उचलले, आणि त्यांच्या नावावर बोट ठेवायला गेलो. तेवढ्यात यमुनाबाईंचा निरोप आला."

"मग?"

"ज्याचा नवा निरोप येतो त्याचं नाव उडी मारून सगळ्यांच्या वर जातं, माय. बाकीची नावं एकेक पायरी खाली सरकतात. माझं बोट जिथं होतं तिथंच होतं... आणि बोटाखाली यमुनाबाई आल्या."

"त्याही बाईचा पोरगा गेलेला?"

"हो. टेकचंद. म्हणून उघडल्यावर मागचा मजकूर बघूनही वेगळं वाटलं नाही. आई, मुलगा, वाट. वर नाव लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नाही."

"काहून?"

धुक्यात कुठंतरी पाणकोंबडी ओरडली.

"मला वाटलं, मला माहीत आहे."

मायच्या हातातला देठ दोन तुकडे होऊन टोपलीत पडला.

"मग पुसून टाकलंस?"

"लगेच. दोघांकडूनही निघेल असंच पुसलं. पण तिनं वाचलं होतं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या होत्या आधीच. पुसलं की तिथं 'निरोप काढून टाकला' एवढं उरतं. मी माफी लिहायला बसलो, तेवढ्यात तिचंच आलं."

त्यानं फोन वर धरला आणि वाचून दाखवलं. 'माय, पुसून काहून टाकलं? नजर लागू नये म्हणून न? मी कोणाले सांगत नाही. स्टँडवर येऊन बसली हाय. भात घेऊन आली.'



आमच्या धंद्यात चुकीचा माल गेला तर परत आणता येतो. हा माल परत कसा आणायचा, ते मला सुचेना.

"तिला लिहावं म्हणतो," श्रीरंग हळूच म्हणाला. "पण खरं लिहिलं तर बाई मोडेल. नाही लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत वाट बघेल आणि घरी जाईल. म्हणेल, आज नाही तर उद्या. आणि माय... उद्या तो आलाच, तर ती चूक आशीर्वाद ठरेल."

"व्यापारी झाला तू," माय म्हणाली. आणि माझ्याकडं बघून हसली. "शेठजींची संगत."

मी हात जोडले. "माय, मी तर उधार हसू सुद्धा ठेवत नाही."

ती उठली. टोपली बाजूला सरकवली. "माझ्या चपला कुठं हायत?"

"माय, फोन करतो ना. बोलून घेतो."

"डोंगा लावायले सांग."

चिंचटोला तलावाच्या पलीकडे. मलाही तिकडंच जायचं होतं. उदबत्तीचे पुडे घेऊन मी डोंग्यात बसलो. ढिवरानं वल्हं मारलं आणि काठ पुसला गेला. मठ नाही, झाडं नाहीत. पांढऱ्यात पांढरं. कमळाची पानं डोंग्याला घासत होती, तेवढाच काय तो आवाज. आपण जातो आहोत की सगळं आपल्याकडं येतं आहे, ते समजत नव्हतं.

श्रीरंगचा फोन खिशात सारखा गुरगुरत होता.

"माय," तो म्हणाला, "एक विचारू? गुरुवारी तुमच्यापुढं एवढी माणसं बसतात. एकाशी बोलता बोलता दुसऱ्याशी बोलता. तुमची गल्लत कशी होत नाही?"

"होते न."

"होते?"

"रोज होते. मग मी म्हणते, बाई, तू कोण होय? कोणत्या गावची? मी विसरली."

"आणि ती रागावत नाही?"

"पुन्हा सांगते." माय पाण्यात बोट बुडवून बसली होती. "दुसऱ्यांदा सांगते तेव्हा निराळंच सांगते."



पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा धुकं विरळ व्हायला लागलं होतं. स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड आणि सिमेंटचा बाक. बाकावर यमुनाबाई. धुतलेलं पातळ, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, शेजारी पाण्याचा तांब्या. पाय धुवायचं पाणी.

मायला बघून ती धडपडत उठली.

"माय, तुमीच आल्या? त्याच्यासाठी?"

श्रीरंग पुढं झाला.

"यमुनाबाई, टेकचंद आलेला नाही. तो निरोप तुमचा नव्हता. दुसऱ्या एका आईचा होता. मी चुकून तुम्हाला पाठवला. मायचं काही चुकलं नाही. मी वर नाव वाचलं नाही."

एक एस.टी. आली. दोन माणसं उतरली. यमुनाबाईनं त्या दोघांचे चेहरे बघितले, दार बंद होईपर्यंत बघितलं. गाडी निघून गेली.

...

"तिचा आला?" तिनं विचारलं.

"कोणाचा?"

"त्या आईचा."

"हो."

"बरं झालं." ती बाकावर बसली. फडक्याची गाठ तिनं सोडली, पुन्हा बांधली. "जेवला का तो?"

श्रीरंगनं खिशाकडं हात नेला आणि मागं घेतला. "मला माहीत नाही. त्यांना तो निरोप अजून गेलाच नाही."

"असं कसं?" यमुनाबाई एकदम कावली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "अरे बाबू, तिनं विचारलं असंल न त्याले! कुठं होता, काहून गेला, विचारून विचारून पोराले पुन्हा घालवंल ते! लिही आधी. लिही!"

श्रीरंगनं फोन काढला. नाव शोधलं. उघडलं. मागचं वर सरकवून वाचलं. मग बोट थांबवून, सगळ्यात वर लिहिलेलं नाव तो मोठ्यानं म्हणाला, लहान मूल पाटी वाचतं तसं:

"देवकन्या बिसेन."

आणि लिहिलं.

यमुनाबाई त्याच्या बोटाकडं बघत राहिली. निरोप गेल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. डबा उघडला. भात, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण. झाकणात वाढून तिनं ते श्रीरंगपुढं धरलं.

"घे. थंडा झाला."

तो खाऊ लागला. खाताना त्याचे डोळे भरून येत होते आणि तो खाली मान घालून घास घेत होता. तांब्या तसाच भरलेला होता.

माय बाकावर तिच्या शेजारी सरकून बसली. मी थोडा दूर, पुड्यांवर. ऊन पडू लागलं होतं. तलावावरून वारा आला, त्याला कमळाचा आणि चिखलाचा वास होता.

"कसा होता वं बाई तुझा पोरगा?" मायनं विचारलं.

यमुनाबाईचे ओठ हलले, थांबले. कुठून सुरू करावं ते तिला सापडत नव्हतं.

श्रीरंगला सगळं माहीत होतं. महिनोन्महिने वाचलेलं होतं. तिची अडचण त्याला बघवेना. घास गिळून, अगदी मायेनं, तो सांगू लागला:

"टेकचंद, माय. धाकटा मुलगा. डाव्या भुवईवर व्रण आहे, विहिरीवर पडला होता तेव्हाचा. सुरतेला साडीच्या छपाईत जातो म्हणून निघाला. बापाशी बैलावरून भांडण झालं होतं. त्याला..."

मायनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू वाचलंस, बाबू," ती म्हणाली. "मी अजून ऐकलं नाही."